मी सही का केली

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

पहाटेच्या गाडीने गेलास. डबा घेतलास, पण माझ्याकडे न बघता. अक्का म्हणाली, जाऊ दे, राग उतरला की फोन करेल. राग येणं मी समजू शकते. पण काल रात्री तू जे बोललास ते मला झोपू देईना. "मी चांगला बोलत होतो, मशीनवर अठ्ठ्याण्णव होतं, तरी तू घशात नळी घालायच्या कागदावर सही केलीस, आणि माझा आवाज गेला." तोंडावर उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आणि हे लिहिताना मिरजेच्या तपासणीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं आहे.

त्या दिवशी मी जयसिंगपूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. गोदामातली आग साडेसातची. खाटेवर बसून तू हसलास आणि म्हणालास, "आई, मला काही झालं नाही." बाळ्या, बत्तीस वर्षं मी तुझा आवाज ऐकते आहे. फुटलेल्या बासरीतून यावा तसा तो येत होता. शब्द सगळे स्पष्ट होते, आवाज मात्र तुझा नव्हता. मग तू खोकलास आणि ट्रेमध्ये थुंकलास. थुंकीत काळ्या रेघा होत्या, काजळ कालवल्यासारख्या. मी टॉर्च मागून घेतला. टाळ्यावर काजळीचा थर, पडजीभ लाल आणि फुगून जाड झालेली. नाकातले केस जळाले होते, पण त्याचं मी फार मनावर घेतलं नाही. गॅसचा भडका तोंडावर आला तरी नाकातले केस जळतात, तेवढ्यावरून कुणी नळी घालत नाही. मला भीती वाटली ती तीन गोष्टी एकत्र दिसल्यामुळे. बंद गोदामात दहा मिनिटं फोमचा धूर, काळी थुंकी आणि बसलेला आवाज.

आवाज बसला म्हणजे धुराची धग स्वरयंत्रापर्यंत गेली. गरम हवा बहुतेक घशातच आपली धग सोडते, म्हणून भाजतं ते वरच्या भागात. काजळी आणि फोमच्या धुरातलं विष मात्र खाली फुफ्फुसापर्यंत उतरतं. हाताला वाफ लागली की काय होतं ते तू पाहिलं आहेस. आधी नुसतं लाल दिसतं, फोड नंतर येतो. घशाचंही तसंच. सूज तासातासाने चढत जाते, साधारण एका दिवसात सगळ्यात जास्त होते आणि तीन ते पाच दिवसांनी उतरायला लागते. म्हणजे रात्री नऊ वाजता मी ज्या बाळ्याशी बोलत होते, त्याचा घसा सर्वांत चांगल्या अवस्थेत होता. पुढे तो बिघडतच जाणार होता, आणि किती बिघडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. श्वासाच्या वाटेची रुंदी अर्धी झाली तर श्वास ओढायला निदान सोळा पट जोर लागतो.

आणि त्या अठ्ठ्याण्णवचं. बोटाला लावतात ते यंत्र रक्ताच्या रंगावरून आकडा काढतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला तरी त्याला तो ऑक्सिजनच वाटतो. म्हणून आगीतून आलेल्या माणसाचा आकडा चांगला दिसला तरी त्यावर भरवसा ठेवायचा नसतो. रक्त तपासायला पाठवायचं आणि तोवर मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन द्यायचा. तुला तो लावला, तू तीनदा काढलास. शिवाय घसा बंद होत असतानाही तो आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो. तो कोसळेपर्यंत थांबणं म्हणजे फार उशीर.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी रात्रपाळीला एक गादीवाला आला होता. दुकानातच झोपायचा. कापूस धुमसत राहिला आणि शटर बंद. हातांना थोडं भाजलेलं, बाकी अंग स्वच्छ. आपल्या पायांनी चालत वॉर्डात आला. आवाज घोगरा होता, आम्हाला वाटलं धुराने घसा बसला. त्याने चहा मागितला, मी करून दिला. एक घोट घेतला आणि तो नाकातून परत आला. त्याने कप माझ्या हातात दिला आणि घशावर हात ठेवला. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नाडी चांगली आहे, सकाळी बघू. अडीचच्या सुमाराला श्वास आत घेताना कोंबडा आरवल्यासारखा आवाज यायला लागला. भूल देणारे डॉक्टर घरून येईपर्यंत चेहरा सुजला होता. त्यांनी घशात बघायचा लॅरिंगोस्कोप घातला आणि आत ओळखू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं, नुसता सुजलेला मांसाचा गोळा. नळी जाईना. मग गळ्याला छेद द्यायचा ठरलं, पण मानही सुजलेली, श्वासनलिका बोटांना लागेना. मी बॅटरी धरून उभी होते. तो गेला. तो कप सकाळपर्यंत टेबलावरच होता, मला उचलवेना.

त्या जयसिंगपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, रात्रभर लक्ष ठेवू, गरज लागली तर नळी घालू." माणूस भला होता. पण गरज लागते तेव्हाच नळी घालणं सगळ्यात अवघड झालेलं असतं, हे मी बॅटरी धरून पाहिलं होतं. दुसरं, तुला मिरजेला न्यायचंच होतं. पाऊस, रात्र, चाळीस मिनिटांचा रस्ता. हलत्या अँब्युलन्समध्ये घसा मिटला असता तर तिथे कोण काय करणार होतं? भूलतज्ज्ञ आले, त्यांनी तुझ्या नाकातून बारीक दुर्बीण घातली. तुला आठवतंय, डोळ्यांतून पाणी आलं होतं. स्वरयंत्राच्या मागची बाजू फुगलेली होती आणि काजळी स्वरतंतूंच्या खालीही गेली होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आत्ता घातली तर पाच मिनिटांचं काम आहे." मी कागद ओढून घेतला. तू नाही नाही म्हणत होतास. मी तुझं ऐकलं नाही. ते तुला लागलं असेल. त्याबद्दल माफ कर, पण सही केल्याबद्दल मी माफी मागणार नाही.

तुझे हात बांधले होते, ते तू विसरत नाहीस. आठ नंबरची मोठी नळी होती. बारीक नळीतून ती काजळीची चिकट घाण ओढता आली नसती. चेहऱ्यावर चिकटपट्टी टिकत नव्हती म्हणून डोक्यामागून सुती पट्टीने बांधली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे डोळे सुजून बंद झाले, ओठ उलटे झाले. तुझे बाबा दारातूनच परत फिरले. त्या वेळी झोपेत तू हात वर नेऊन नळी ओढली असतीस तर ती परत घालायला वाट राहिली नव्हती. म्हणून हात. तुझ्या उजव्या मनगटाची पट्टी मी तासातासाला सैल करून खाली बोट घालून बघत होते. चौथ्या दिवशी नळीचा फुगा रिकामा केल्यावर तिच्या बाजूने हवा यायला लागली, फुस्स असा आवाज झाला. सूज उतरली होती. पाचव्या दिवशी नळी निघाली.

एक खरं सांगते. सगळ्यांच्या बाबतीत असं नसतं. काही जणांना घाईने नळी घालतात आणि दुसऱ्याच दिवशी काढतात, कारण तिची गरजच नव्हती. नळीचेही त्रास आहेत, न्यूमोनिया होतो, स्वरतंतूंना घासते. म्हणून तर आधी दुर्बीण घालून बघतात. तुझ्या घशात सूज डोळ्यांनी दिसली होती. तुझा आवाज धुराने गेला की नळीने, हे आता कुणी वेगळं काढू शकणार नाही, बहुधा दोन्हींनी.

आणि म्हणूनच, नाही म्हणता म्हणता, पुन्हा त्यावरच आले. मिरजेला घशाच्या डॉक्टरांकडे जा. महिना होऊन गेला, आवाज अजून दुपारनंतर बसतो. धुराने भाजलेल्या आणि नळी राहिलेल्या जागी आत व्रण धरतो आणि तो आवळत जातो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही. जिना चढताना श्वास आत घेताना सूं असा आवाज आला, तर उशीर करू नकोस. कुणी दमा म्हणून पंप लिहून दिला आणि त्याने फरक पडला नाही, तर आगीचं आणि नळीचं आधी सांग, मग बाकीचं. काल तू दोन मजले चढून आलास तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी बंद करून ऐकत होते. काही नव्हतं. तरी पण.

लेक्चर झालं. बाबा म्हणतात, तू अजून वॉर्डातच आहेस. असेन.

त्या मदतनीस पोराची आई परवा आली होती, नारळ आणि साडी घेऊन. साडी मी घेतली नाही, नारळ घेतला. ती नुसती बसून राहिली. जाताना म्हणाली, तुमचा मुलगा परत आत गेला नसता तर. पुढचं बोलता आलं नाही तिला. मला तुझा अभिमान आहे, बाळ्या. आणि तू परत आत गेलास याची मला अजून इतकी धास्ती आहे की ती बसलेली असताना मी दोनदा उठून आत गेले. गोदामाला मागून दार काढून घ्या म्हणावं मालकाला, फोमच्या थप्प्या दारापाशी लावू नका. धुरात शिरायचं नाही, कुणासाठीही नाही असं लिहायला घेतलं होतं. लिहवत नाही. तो पोरगा एकोणीस वर्षांचा आहे.

रविवारी फोन कर. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर अक्काशी बोल. मी शेजारी बसेन, मला नुसता आवाज ऐकू दे.

तुझी,
आई

ता. क. तपासणीची चिठ्ठी आणि मिरजेची फाईल पिशवीच्या मागच्या कप्प्यात ठेवली आहे, चादरीखाली. वार गुरुवार आहे, सकाळी दहा.