दाखल्यावरची जन्मतारीख

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील चरित्रलेखनावरच्या लेखात शाळेच्या दाखल्याला जन्मतारखेचा अखेरचा पुरावा मानले आहे, ते पटले नाही. जुन्या काळी ही तारीख नाव घालताना वडील सांगत किंवा गुरुजी अंदाजाने लिहीत. सरकारी नोकरीला कमाल वयाची अट, निवृत्तीही वयावर. म्हणून दोन-तीन वर्षे कमी लावणे सोयीचे असे. 1 जून किंवा 1 जुलै दिसली की संशय घ्यावाच.

विदर्भात पडताळणीला कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही आहे. ती नोंद जन्माच्या वेळची, नोकरीचा विचार त्यात नसतो. पण बारसे व्हायचे असल्याने बहुधा बाळाचे नावही नसते, ‘अमक्यास मुलगा’ एवढेच. मग भावंडांचा क्रम लावावा लागतो. समजा, चरित्रनायक दोन सख्ख्या भावांत थोरला, दाखल्यावर 1 जुलै 1912; आणि बुकात त्याच आईबापांना नोव्हेंबर 1909 व मार्च 1912 मध्ये मुलगे. धाकटा थोरल्याच्या आधी जन्मेल कसा? खरे साल 1909. मात्र त्याआधी मृत्यूची पाने चाळावीत, नाहीतर तान्हेपणी गेलेल्या भावाची तारीख चरित्रनायकाला चिकटते.

– एक वाचक, नागपूर