फुगलेल्या वीजबिलाबाबत तक्रार आणि मीटरची जागेवरच फेरतपासणी करण्याची विनंती

दि. १४ जून

प्रति,
सहायक अभियंता,
झोन कार्यालय, वीज वितरण कंपनी, इंदूर

विषय : मार्च, एप्रिल व मे महिन्यांची वाढीव बिले, मीटर न काढता जोडणीसकट तपासणी व्हावी याबाबत.

सा. न. वि. वि.

आपण काउंटरवर मराठीत बोललात, म्हणून सविस्तर पत्र मराठीतच लिहितो आहे. रेकॉर्डसाठी हिंदी प्रत सोबत आहे. ग्राहक क्रमांक जोडलेल्या बिलांवर आहेत.

रामबागेतल्या आमच्या घरात दोन कनेक्शनं आहेत. खाली आम्ही दोघं नवरा-बायको, वर पुतण्याचं बिऱ्हाड. दोन्ही मीटर ओसरीतल्या एकाच बोर्डावर, एकाच सर्व्हिस लाइनवर, म्हणजे एकाच फेजवर आहेत. २० फेब्रुवारीला आपल्या माणसांनी दोन्ही जुने मीटर काढून नवे बसवले. तक्रार सुरू होते ती तिथून.

गेल्या वर्षी मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत आमचा वापर ११८, १२९ आणि १४१ युनिट होता. यंदा तेच तीन महिने २६८, ३४१ आणि ४१२ युनिट आले. घरात एकही नवीन उपकरण आलेलं नाही. तोच फ्रिज, तोच कूलर, तेच पंखे. एसी आमच्याकडे नाही. वापर १५० युनिटांच्या आत असायचा, त्यामुळे अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळायची आणि बिल चारशेच्या आसपास यायचं. १५० ची रेघ ओलांडली की ती सवलत पूर्णच जाते. म्हणून युनिटं तिप्पट झाली तरी मे महिन्याचं बिल नऊपट, म्हणजे ३,६३८ रुपये आलं.

कार्यालयात मला सांगण्यात आलं की रीडिंगचा फोटो आहे आणि रीडिंग बरोबर आहे. मीटर फास्ट वाटत असेल तर टेस्टिंगची फी भरा, मीटर लॅबला जाईल. रीडिंग बरोबर आहे हे मला मान्य आहे. रीडरवर माझा काडीचाही आक्षेप नाही. मीटरही बहुधा उत्तम आहे. आणि म्हणूनच तो लॅबला नेऊ नये, असं माझं म्हणणं आहे. तिथे तो शंभर टक्के पास होईल आणि माझी तक्रार निकालात निघेल.

मी पुतण्याची बिलं मागून घेतली आणि शेजारी ठेवली. १ तारखेची रीडिंग्ज अशी आहेत :

१ मार्च : आमचं ५८, पुतण्याचं ५९
१ एप्रिल : ३२६ आणि ३२९
१ मे : ६६७ आणि ६७२
१ जून : १०७९ आणि १०८७

म्हणजे महिन्याचा वापर आमचा २६८, ३४१, ४१२ आणि त्याचा २७०, ३४३, ४१५. खाली दोन म्हातारी माणसं, वर दोन एसी, गीझर, वॉशिंग मशीन आणि दोन शाळकरी मुलं. या दोन घरांचा वापर तीन महिने दोन-तीन युनिटांच्या फरकाने सारखा यावा, हे कुणाला पटेल? मीटर नुसता फास्ट असता तर तो स्वतःच्या चालीने पळाला असता, शेजाऱ्याचं बोट धरून नव्हे. पुतण्याचं बिलही वाढलं आहे. गेल्या वर्षी त्याचे हेच महिने २०१, २६२ आणि ३२७ युनिटांचे होते. पण एसीचं घर असल्याने त्याने दोष उन्हाळ्याला दिला आणि बिल भरून मोकळा झाला.

माझी नोकरी गिरणीच्या विद्युत विभागात झाली, त्यामुळे संशय कुठे घ्यायचा याचा थोडा अंदाज होता. सध्याचे सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधला करंट मोजतात आणि ज्यात जास्त असेल त्यावर युनिटं चढवतात. हे चोरी पकडण्यासाठी आहे. कुणी न्यूट्रल सोडून अर्थिंगवरून परतीचा रस्ता काढला तरी फेजचा करंट मीटरला दिसतोच. सरळ जोडणीत दोन्ही तारांत करंट सारखाच असतो, त्यामुळे या सोयीने कुणाचं नुकसान होत नाही. पण शेजारच्या दोन मीटरांच्या घराकडे जाणाऱ्या न्यूट्रल आपसात बदलल्या, तर आमच्या मीटरमधून फेज आमची जाते आणि न्यूट्रल पुतण्याची येते. त्याच्या मीटरमध्ये उलट. मग दोन्ही मीटर प्रत्येक क्षणी दोघांपैकी ज्याचा वापर जास्त असेल त्याचा आकडा धरतात. रात्री वर एसी चालू, सात अँपिअर; खाली एक पंखा, अर्धा अँपिअर; दोन्ही मीटर सात धरणार. दुपारी वरचे बाहेर गेलेले, खाली आमचा कूलर. दोन्ही मीटर कूलर मोजणार. घरात दिवे नीट लागतात, काही जळत नाही, आरसीसीबीही पडत नाही, कारण तो मीटरच्या पुढे आहे आणि त्याच्यातून आमचीच फेज, आमचीच न्यूट्रल जाते. त्यामुळे बिल येईपर्यंत या चुकीचा पत्ता लागत नाही. दोन्ही मीटरवर अर्थ लोडचा लाल दिवा मात्र वारंवार लागलेला दिसतो.

पुतण्या सहकुटुंब लग्नाला उज्जैनला गेला, तेव्हा याची परीक्षा घेता आली. फ्रिज रिकामा करून, मेन स्विच पाडून ते निघाले. ७ जूनला सकाळी सात वाजता आमचं रीडिंग ११५७.२ आणि त्याचं ११६५.९ होतं. ९ जूनला सकाळी सात वाजता आमचं ११६५.८ आणि त्याचं ११७४.५. दोन्ही मीटर ८.६ युनिट पुढे गेले. त्याचा मेन बंद, घराला कुलूप, आणि तरी त्याच्या मीटरचा पल्सचा दिवा टिकटिक करत होता. मी आमचा कूलर बंद केला की त्याच्या मीटरची टिकटिक मंदावायची, चालू केला की वाढायची. आमचा खरा वापरही यातून कळला. दोन दिवसांत ८.६ म्हणजे रोज ४.३, महिन्याला १२९ युनिट. गेल्या वर्षीच्या बिलांशी हे जुळतं.

ते परतल्यावर ११ जूनला दुपारी बारा ते एक आम्ही उलटं करून पाहिलं. आमचा मेन बंद, वर एसी चालू. दोन्ही मीटर १.६ युनिट पुढे गेले. दोन्ही वेळचे मोबाइल व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये दिले आहेत.

टर्मिनल कव्हर सीलबंद आहे. त्याला आम्ही हात लावलेला नाही, त्यामुळे आत कोणती तार कुठे आहे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. न्यूट्रलची अदलाबदल आमच्या मेन स्विचच्या पुढे घरातल्या वायरिंगमध्ये असती, तर मेन पाडल्यावर दुसऱ्याच्या घरावर परिणाम दिसायला हवा होता. तो दिसला नाही. शिवाय फरक पडला तो मीटर बदलल्यापासून. दोष टर्मिनलवर आहे, असं मी म्हणतो ते यावरून.

आणखी एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. अर्थ लोडचा दिवा पाहून उद्या एखादं पथक चोरीचा पंचनामा करायला बसेल. अर्थिंगवरून वीज घेतली असती तर दोन वेगळ्या घरांचे मीटर हातात हात घालून चालले नसते, आणि कुलूप लावलेल्या घराचा मीटर तर मुळीच चालला नसता.

तरी विनंती अशी की तपासणी जागेवर, आम्ही आणि पुतण्या दोघंही हजर असताना व्हावी. आधी सील तपासून, कव्हर उघडताच, एकही तार सैल न करता टर्मिनलचे फोटो काढावेत. मग आमच्या मीटरमधून घराकडे जाणारी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र टाँग टेस्टरच्या जबड्यात घ्याव्यात. सरळ जोडणीत शून्य दिसायला हवं; इथे वरचा एसी चालू करताच आकडा दिसेल. दुरुस्ती झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि सगळं पंचनाम्यात लिहावं. हे होण्याआधी मीटर बदलला किंवा सोडवून नेला, तर परत जोडताना तारा सरळ लागतील, बिल आपोआप खाली येईल आणि मागच्या तीन महिन्यांचा पुरावा तेवढा नाहीसा होईल.

ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यावर ५ दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवायचा असतो. तो बसवायचा झाल्यास आमच्या मेन स्विचच्या पुढे, घरात जाणाऱ्या दोन तारांवर बसवावा. आत्ताच्या मीटरच्या टर्मिनललगत त्याच तारांवर बसवला, तर तोही हीच चूक इमानेइतबारे मोजेल.

दोष सिद्ध झाल्यावर आमची मार्च ते मे ही बिलं गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या वापरावर योजनेच्या सवलतीसह नव्याने काढावीत. जूनचं बिल दुरुस्तीनंतरच्या रोजच्या सरासरीवर काढावं. पुतण्याचा हिशेबही असाच व्हावा. त्याचा वेगळा अर्ज सोबत आहे.

मे महिन्याच्या बिलापोटी १,११५ रुपये मी हरकत नोंदवून भरत आहे. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ (१) मध्ये वाद निकाली निघेपर्यंत मागणीची रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती भरल्यास वीज तोडता येत नाही. आधीची सहा बिलं मिळून ६,६९० रुपये होतात. त्यांत मार्च आणि एप्रिलची फुगलेली बिलं धरलेली आहेत, हे लक्षात घ्यावं. पावती देताना बाकीची रक्कम थकबाकी न दाखवता वादग्रस्त म्हणून दाखवावी. ३० दिवसांत तपासणी झाली नाही, तर कलम ४२ (५) खालच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावं लागेल.

लाइनमन येण्याच्या आदल्या दिवशी बिलावरच्या नंबरवर फोन करावा. पुतण्या कामाला जातो, त्यामुळे रविवार किंवा सकाळी साडेनऊच्या आतली वेळ सोयीची. चाचणीसाठी वरचा एसी चालू ठेवायला तोच लागेल.

आपला,
(सही)
घरगुती ग्राहक, रामबाग, इंदूर

सोबत : दोन्ही कनेक्शनांची गेल्या वर्षीची व यंदाची बिले, रीडिंगचे तारीखवार फोटो, पेन ड्राइव्ह, पुतण्याचा अर्ज, हिंदी प्रत.