छोट्या बाटलीत जास्त औषध

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बार्शीत गेली एकवीस वर्षे मी मेडिकल दुकानाच्या काउंटरवर उभी राहते. लहान मुलांच्या तापाचे औषध रोज चार-पाच जणांना तरी देते. ज्या गोष्टीची मला या काळात सर्वांत जास्त धास्ती वाटली, ती आपल्या वाचकांपर्यंत, विशेषतः घरात तान्हे बाळ असलेल्यांपर्यंत पोचावी म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास एक आजी आल्या. हातात पॅरासिटामॉल ड्रॉप्सची पंधरा मिलीची बाटली. म्हणाल्या, "मॅडम, अशा अजून दोन द्या, ही संपत आली. तीन दिवस द्यायचंय." मी बाटली उजेडात धरली. तळाशी जेमतेम एक तृतीयांश औषध उरलेले. विचारले, "कधी आणली?" तर म्हणाल्या, "काल संध्याकाळी." नऊ महिन्यांच्या बाळासाठी या बाटलीतले दिवसाला चार-पाच मिलीच्या वर लागत नाही, म्हणजे ती निदान तीन दिवस पुरायला हवी. इथे एका रात्रीत दहा मिली संपले होते.

चिठ्ठी पाहिली. डॉक्टरांनी बरोबरच लिहिले होते: पॅरासिटामॉल सिरप, पाच मिली, गरज पडल्यास सहा तासांनी. आदल्या संध्याकाळी ज्या दुकानात त्या गेल्या, तिथे सिरप शिल्लक नव्हते. काउंटरवरच्या मुलाने त्याच नावाचे, त्याच रंगाच्या खोक्यातले ड्रॉप्स दिले आणि सांगितले, "तेच औषध आहे." आजींनी घरी आल्यावर चिठ्ठीवरचे 'पाच मिली' शब्दशः पाळले. ड्रॉपर एक मिलीचा, म्हणून तो पाच वेळा भरून दिला. रात्री आठला एकदा आणि पहाटे सहाला पुन्हा. "एवढे ड्रॉपर भरताना बाळ थुंकतंय, मापाचं झाकण असेल तर द्या," असेही त्या मला म्हणाल्या. पाच वेळा ड्रॉपर भरावा लागतो, हीच खरे तर धोक्याची घंटा होती. पण ती ऐकू येण्यासाठी या दोन बाटल्यांमधला फरक कुणीतरी आधी सांगायला हवा होता ना?

तो फरक असा. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत २४. ड्रॉप्स सिरपच्या चौपटीहून जास्त तीव्र आहेत. पंधरा मिलीच्या त्या चिमुकल्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम औषध असते, तर साठ मिलीच्या सिरपच्या मोठ्या बाटलीत १४४०. छोट्या बाटलीत मोठ्या बाटलीपेक्षा जास्त औषध भरलेले असते, हे मी सांगते तेव्हा शिकलेले आईबापही चकित होतात. लहान बाटली, लहान बाळ, ड्रॉपरने थेंब थेंब द्यायचे, तेव्हा औषध सौम्यच असणार असे सगळ्यांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. तान्ह्या बाळाला जास्त द्रव पाजता येत नाही, म्हणून थोड्या द्रवात जास्त औषध बसवलेले असते.

आता लेबल वाचून हे कळेल असे कुणी म्हणेल. लेबलवर सगळे छापलेले असते हे खरे. पण ड्रॉप्सच्या लेबलवर 'प्रत्येक मिलीमध्ये १००' असते आणि सिरपच्या लेबलवर 'प्रत्येक पाच मिलीमध्ये १२०'. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा आणि घाईत आकडे वाचा. १०० आणि १२०! ड्रॉप्स थोडे हलकेच वाटतील. मिलीचा हिशेब बारीक इंग्रजी अक्षरांत बाजूला दडलेला, आणि रात्री दोनला तापलेले बाळ खांद्यावर घेऊन उभी असलेली आई तो कशी वाचणार? शिवाय सिरप दोन तीव्रतांचे मिळते. दुसऱ्याच्या पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असते, ते मोठ्या मुलांसाठी. नाव तेच, खोक्यावरचे चित्रही तेच, फक्त कोपऱ्यात '२५०' किंवा 'डीएस', म्हणजे डबल स्ट्रेंथ.

त्या आजींच्या नातवाचा हिशेब करून पाहू. बाळाचे वजन आठ किलो. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आठ किलोला एका वेळी जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. म्हणून डॉक्टरांनी सिरप पाच मिली लिहिले. तेच १२० मिलिग्रॅम ड्रॉप्समधून द्यायचे तर १.२ मिली पुरतात, आणि २५० वाल्या सिरपमधून सुमारे अडीच मिली. बाळाला मात्र ड्रॉप्स पाच मिली मिळाले, म्हणजे एका वेळी ५०० मिलिग्रॅम. दोन वेळचे मिळून १०००. दिवसभराची मर्यादा ४८० असताना दहा तासांत त्याच्या दुपटीहून जास्त. दुपारी बाराला तिसरा डोस दिला असता तर पूर्ण १५०० मिलिग्रॅम, किलोमागे जवळपास १८७, पोटात गेले असते. तेही तापात धड न जेवलेल्या बाळाच्या.

आजींना मी एकच विचारले, "बाळ कसं आहे?" त्या खुशीत म्हणाल्या, "ताप उतरलाय, खेळतंय." यातच खरा धोका आहे. पॅरासिटामॉल जास्त झाले तरी पहिला दिवसभर बाळ चांगले दिसू शकते. फार तर उलटी होते, अंगाला घाम येतो, आणि ते तापाचेच म्हणून सोडून दिले जाते. यकृताला इजा झाली असेल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर येते. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो. यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो त्या पदार्थाला निकामी करतो. औषध जास्त झाले की साठा संपतो, आणि उपाशी किंवा उलट्या होणाऱ्या बाळाचा साठा आधीच कमी असतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा तो साठा पुन्हा भरतो. तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो, उशिरा दिल्यानेही उपयोग होतो. म्हणून 'आता बरं दिसतंय, संध्याकाळी पाहू' हे इथे चालत नाही.

मी त्यांना बाटली, चिठ्ठी आणि कागदावर दोन्ही डोसांच्या वेळा व मिली लिहून दिले आणि रिक्षा बोलावून थेट मुलांच्या दवाखान्यात पाठवले. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, एवढेही बजावले. तिथून बाळाला मोठ्या रुग्णालयात हलवले. दोन दिवस ठेवून घेतले, यकृताच्या रक्ततपासण्या पुन्हा पुन्हा केल्या. तपासण्या ठीक आल्या, बाळ घरी आले. आजी मात्र परवा दुकानात येऊन रडल्या, "माझ्या हातानं दिलं हो." त्यांची चूक नाही, हे मी त्यांना सांगितले आणि इथेही लिहिते. त्यांनी सांगितले तेवढेच आणि सांगितले तसेच दिले. चूक झाली ती आमच्या व्यवसायात, काउंटरवर. सिरपच्या चिठ्ठीवर ड्रॉप्स देताना 'तेच आहे' म्हणणे हे फार्मासिस्टचे वाक्य नव्हे. औषध बदलले की मिली बदलतात, आणि ते मिली चिठ्ठीवर व बाटलीवर लिहून दिल्याशिवाय बाटली हातात देता कामा नये. डॉक्टरांना फोन लावायला दोन मिनिटे लागतात.

याच्या उलट चूकही होते, ती कमी भयंकर पण रोजची आहे. सिरपची बाटली घेऊन घरातल्या जुन्या ड्रॉपरने १.२ मिली दिले जाते. बाळाला जेमतेम २९ मिलिग्रॅम मिळतात, ताप उतरत नाही, मग लोक दुसरे औषध आणायला धावतात. सर्दीच्या ड्रॉप्समध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतेच, म्हणजे तेच औषध दोन बाटल्यांतून पोटात जाते. ड्रॉपर नेहमी त्याच बाटलीचा वापरावा, यासाठी मी भांडते.

अमेरिकेत हाच घोळ होता. तिथे बाळांच्या ड्रॉप्समध्ये ०.८ मिलीला ८० मिलिग्रॅम होते, म्हणजे आपल्याइतकेच तीव्र, आणि मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलीला १६०. सन २०११ मध्ये तिथल्या उत्पादकांनी तीव्र ड्रॉप्स बंद करून बाळांसाठीही पाच मिलीला १६० हीच एक तीव्रता ठेवण्याचे ठरवले आणि ड्रॉपरऐवजी खुणांची सिरिंज द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, जुन्या-नव्या दोन्ही बाटल्या बाजारात आहेत, तेव्हा आकडा वाचूनच द्या, असा इशारा पालकांना दिला. आपल्याकडे एकच तीव्रता ठेवायचा निर्णय व्हायला वेळ लागेल. पण खोक्याच्या दर्शनी बाजूवर 'एका मिलीत १००' आणि 'एका मिलीत २४' असे मोठ्या आकड्यांत, मराठीतही छापायला नवे औषध शोधावे लागत नाही. दोन्ही बाटल्यांवर हिशेब एकाच मिलीचा हवा, म्हणजे तुलना आपोआप होईल. अन्न व औषध प्रशासनाने आणि उत्पादकांनी एवढे तरी करावे, ही माझी मागणी आहे.

डॉक्टरांनाही नम्र विनंती. चिठ्ठीवर नुसते 'पाच मिली' लिहू नका, 'पाच मिलीत १२० वाले सिरप, पाच मिली, म्हणजे १२० मिलिग्रॅम' असे लिहा. मग दुकानात बाटली बदलली तरी मिलिग्रॅम बदलणार नाहीत. आणि '.८ मिली' असे टिंब अधांतरी ठेवू नका. ते टिंब पुसट झाले की बाळाला आठ मिली जातात. आधी शून्य घालून '०.८' लिहिले की ही चूक टळते. 'आठ थेंब' तर नकोच, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा.

पालकांनी फोनवर एकमेकांना मिली सांगणे थांबवावे. पुण्यातल्या सुनेने गावच्या सासूला 'पाच मिली द्या' सांगितले, तर दोघींच्या हातातल्या बाटल्या वेगळ्या असू शकतात. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि मग मिली ठरवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर बाटली उघडण्याआधी डॉक्टर.

मी आता ड्रॉप्स देताना बाळाचे वजन विचारते, डोस मिलीत काढते आणि मार्करने बाटलीवर लिहून ड्रॉपरवर त्या रेघेपाशी चिकटपट्टी लावते. १.२ मिली असेल तर एक पूर्ण ड्रॉपर आणि वर दुसऱ्यात ०.२ पर्यंत, असे पाण्याने भरून दाखवते. गर्दीच्या वेळी मागे उभी असलेली माणसे कुरकुर करतात. आजींच्या नातवासाठी परवा सिरपची बाटली दिली, तेव्हाही झाकणात पाच मिलीची रेघ दाखवून दिली. त्यांनी झाकण डोळ्यांजवळ नेले, बोटाने रेघ पुन्हा दाखवली आणि विचारले, "इथंवर ना? नक्की?"

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट, बार्शी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)