नऊपैकी सात गुण, पण कोणते सात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या अर्थ पुरवणीत लहान-मध्यम कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर मजकूर येतो, तेव्हा 'पिओत्रोस्की स्कोअर'चा उल्लेख हमखास असतो. सात किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे कंपनी घेण्याजोगी, असा सरधोपट अर्थ वाचक काढतात. ही गुणपत्रिका आपल्याकडच्या ताळेबंदाला जशीच्या तशी लावली तर कुठे फसवते, याविषयी थोडे लिहितो.

जोसेफ पिओत्रोस्की या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही पद्धत २००० साली मांडली. १९७६ ते १९९६ या काळातले अमेरिकी शेअर त्यांनी तपासले, आणि तेही सगळे नव्हे, फक्त पुस्तकी किमतीच्या मानाने स्वस्त मिळणारे. अशा शेअरच्या ढिगातून सुधारणाऱ्या आणि बुडणाऱ्या कंपन्या वेगळ्या काढणे हा हेतू होता. एक अख्खी कंपनी विकत घेणे हे त्याहून निराळे काम. शेकडो शेअरमध्ये दहा-वीस निवडी चुकल्या तरी सरासरी सांभाळून घेते. एकच कंपनी घेणाऱ्याला ती सोय नाही.

नऊ प्रश्नांना एकेक गुण. चार नफ्याविषयी: मालमत्तेवरचा परतावा शून्याच्या वर आहे का, व्यवसायातून आलेली रोकड शून्याच्या वर आहे का, परतावा गेल्या वर्षापेक्षा वाढला का, आणि ही रोकड नफ्यापेक्षा जास्त आहे का. तीन कर्ज आणि तरलतेविषयी: दीर्घ मुदतीच्या कर्जाचे मालमत्तेशी प्रमाण घटले का, करंट रेशो, म्हणजे चालू देण्यांच्या तुलनेत चालू मालमत्ता, सुधारला का, नवे भांडवल न उभारता वर्ष निभावले का. उरलेले दोन कार्यक्षमतेविषयी: ढोबळ नफ्याचे प्रमाण वाढले का आणि मालमत्तेच्या तुलनेत विक्री वाढली का. परतावा आणि विक्री ही दोन्ही वर्षाच्या सुरुवातीच्या मालमत्तेने भागायची, कर्ज वर्षाच्या सरासरी मालमत्तेने. नफ्यातून अपवादात्मक बाबी आधी वगळायच्या. नाहीतर जमिनीचा तुकडा विकलेली कंपनीही 'सुधारलेली' दिसते.

वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. आकडे कोटी रुपयांत. तीन वर्षअखेरींची मालमत्ता ९०, १०० आणि १०८. नफा आधी ४.५, मग ५.२, म्हणजे परतावा ५ टक्क्यांवरून ५.२ टक्के. विक्री १०८ वरून ११८. प्रमाण मात्र १.२० वरून १.१८ वर घसरले. व्यवसायातून आलेली रोकड ८. दीर्घ मुदतीचे कर्ज २४ वरून १८, म्हणजे सरासरी मालमत्तेच्या २५.३ टक्क्यांवरून १७.३ टक्के. करंट रेशो १.५० वरून १.३५. नवे शेअर काढलेले नाहीत. ढोबळ नफा ३१ टक्क्यांवरून ३२. करंट रेशो आणि विक्रीचे प्रमाण हे दोन गुण गेले, बाकी सात मिळाले.

आता रोकडीचा चौथा प्रश्न पाहा. भारतीय लेखामानकांनुसार बँका आणि वित्तीय कंपन्या सोडून इतरांनी भरलेले व्याज 'वित्तपुरवठ्याच्या' रकान्यात जाते. अमेरिकेत ते व्यवसायाच्या रोकडीतूनच वजा होते. नफा मात्र दोन्हीकडे व्याज वजा जाऊनच येतो. म्हणजे आपल्याकडे व्याज भरण्याआधीच्या रोकडीची तुलना व्याज भरल्यानंतरच्या नफ्याशी होते. कर्ज जितके जास्त, तितका हा गुण मिळवणे सोपे! आपल्या कंपनीने वर्षात ३.६ कोटी व्याज भरले. ते वजा केले की ८ चे ४.४ होतात, नफ्याच्या ५.२ पेक्षा कमी. गुण गेला. कारणही लगेच सापडते: ३ कोटींचा घसारा धरूनही रोकड नफ्याच्या मागे पडली, कारण येणी आणि साठ्यात ३.८ कोटी अडकले. इंड एएस ११६ पाळणाऱ्या कंपनीत भाडेपट्ट्याचे हप्तेही बव्हंशी त्याच रकान्यात जातात. तेही वजा करावेत.

दुसरी फट कर्जात. येत्या बारा महिन्यांत फेडायचे हप्ते दीर्घ मुदतीच्या कर्जातून निघून चालू देण्यांत जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ नुसार ते अल्प मुदतीच्या कर्जाखाली वेगळे दाखवावे लागतात, त्यामुळे शोधायला अवघड नाहीत. आपल्या कंपनीत हे हप्ते ४ वरून १४ कोटींवर गेले. मिळवून पाहिले तर मुदत कर्ज २८ चे ३२ झाले, प्रमाण २९.५ वरून ३०.८ टक्के. कर्ज फेडले नव्हते, फेडीची तारीख जवळ आली होती. सातवरून आपण पाचावर आलो, आणि गेलेले दोन्ही गुण असे, ज्यांच्या भरवशावर बोली लावली जाते.

ढोबळ नफ्याच्या गुणावरही फार विसंबू नये. आपल्या नफा-तोटा पत्रकात ढोबळ नफा अशी ओळच नसते. विक्रीतून वापरलेला माल, खरेदी केलेला विक्रीयोग्य माल आणि साठ्यातला बदल वजा करून तो काढावा लागतो. बाहेरून करून घेतलेल्या कामाचे, म्हणजे जॉबवर्कचे, बिल बहुधा 'इतर खर्चा'त असते. तयार विकत घेतला जाणारा भाग स्वतःचा माल देऊन जॉबवर्कवर करून घेतला किंवा वर्षअखेरीचा साठा चढा धरला, की एक टक्का इकडचा तिकडे होतो. कंपनी विकणाऱ्याकडून साठ्याची महिनावार यादी मागितल्याशिवाय हा गुण धरू नये असे माझे मत आहे.

खासगी मर्यादित कंपनीत नव्या भांडवलाचा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी ठरतो. पैशांची तंगी आली की मालक शेअर काढत नाहीत, संचालक म्हणून विनातारण रक्कम घालतात. त्या खात्याची दोन वर्षांची वाढ पाहावी. ती दिसली तर मी हा गुण शून्य धरतो. लहान कंपन्यांना रोकड प्रवाह विवरणातून सूट आहे, तिथे ते दोन ताळेबंदांवरून स्वतः बसून तयार करावे लागते. शिवाय मार्चअखेरचे आकडे कंपनी निबंधकाकडे यायला बहुतेकदा दिवाळी उजाडते. मधल्या महिन्यांसाठी जीएसटीआर-३बी आणि बँकेचे उतारे मागावेत.

गुण कमी म्हणून कंपनी लगेच बाद करणेही चूक. विक्रीचे प्रमाण आणि करंट रेशो यांचे गुण गेले असतील, तर खेळते भांडवल आणि ऑर्डर घेऊन येणारा खरेदीदार ते परत मिळवू शकतो. अशा कंपनीचे चार गुणही मला चालतील. ढोबळ नफा आणि रोकड दोन्ही सलग तीन वर्षे घसरत असतील, तर ग्राहक भाव देत नाही आणि वेळेवर पैसेही देत नाही असा त्याचा अर्थ असतो, आणि मालक बदलल्याने तो ग्राहक बदलत नाही. म्हणून बेरजेआधी प्रत्येक गुणापुढे तो का गेला हे एका ओळीत लिहावे, आणि एका नव्हे, निदान तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. विकायला काढलेल्या कंपनीचे शेवटचे वर्ष नेहमीच थोडे नटलेले असते.

आपला,
एक सनदी लेखापाल, पुणे