पाठीतून पाणी काढण्याआधी एक चित्र काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तापाने फणफणलेल्या, झटका येऊन गेलेल्या, मान आखडलेल्या मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर सांगतात, "मणक्यातून पाणी काढावे लागेल, इथे सही करा." तेवढ्यात सोबतची आजी म्हणते, "नको रे बाबा, आमच्याकडे एकाचे काढले, पोर कायमचे लुळे झाले." सही अडते. या नकारामागे अडाणीपणा नसतो. त्या घराने जे पाहिले ते खरेच असते, फक्त त्याचे कारण दुसरे असते. मेंदूज्वर हा आजारच मुलाला लुळे, बहिरे करू शकतो. पाणी तपासायला घेतात ते आजाराच्या ऐन भरात, त्यामुळे पुढे जे होते त्याचे खापर सुईवर फुटते. हे समजावून सांगायला दहा मिनिटे आणि केसपेपरची कोरी बाजू पुरते. कसे, ते सविस्तर लिहीत आहोत.

पहिली अडचण शब्दांची आहे. 'पाणी काढणे' म्हटले की विहीर उपसल्यासारखे वाटते, आणि 'मणक्यातून' म्हटले की हाडात सुई घुसल्यासारखे. प्रत्यक्षात सुई दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून जाते आणि पाणी थेंबाथेंबाने आपोआप बाटलीत पडते. ते ओढून घेत नाहीत. चार वर्षांच्या मुलाचे साधारण तीन-चार मिलि पुरते, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी. मोठ्या माणसात मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलि असते आणि दिवसभरात ५०० मिलिच्या आसपास नवे तयार होते. मुलांत ते कमी असले तरी घेतलेले थेंब तासाभरात भरून निघतात. म्हणून "तपासणीसाठी कमरेतून काही थेंब घ्यायचे आहेत" असे म्हणावे. तेच खरे वर्णन आहे.

आता चित्र. पाठमोरा माणूस काढा, मधोमध वरून खाली एक लांब पिशवी. पिशवीत निळ्या पेनने पाणी दाखवा. डोक्यापासून खाली येणारी जाड दोरी, म्हणजे मज्जारज्जू, पिशवीच्या तळापर्यंत न नेता कमरेच्या जरा वरच थांबवा. त्याखाली दोरीचे सुटे धागे पाण्यात तरंगताना दाखवा. मग दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी आडवी रेघ मारा आणि तिच्याजवळ एक ठिपका द्या. सुई तिथे जाते. दोरी संपते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, सुई जाते तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. नवजात बाळात दोरी थोडी आणखी खालपर्यंत असते, म्हणून त्याच्यासाठी खालची फट निवडतात. वडिलांना स्वतःच्या कमरेवर हात ठेवायला सांगा. हाताखाली लागणारे हाड आणि कागदावरची रेघ एकच, हे कळले की चित्र अंगाला लागते.

धाग्यांना सुई टोचणार नाही का, हा प्रश्न येतोच. पाण्यात तरंगणाऱ्या शेवयांत सुई घातली तर शेवया बाजूला सरकतात, तसे हे धागे सरकतात. क्वचित एखाद्याला सुई लागली तर पायात क्षणभर वीज चमकल्यासारखे होते आणि डॉक्टर सुईची दिशा बदलतात. हे आधीच सांगितलेले बरे.

चित्र काढताना होणारी एक चूक फार महागात पडते. घाईघाईत बाण पाठीच्या मधोमध दाखवला जातो. बघणाऱ्याला वाटते सुई थेट दोरीत जाणार, आणि त्याची भीती आपणच पक्की करतो. भिंतीवरचा रंगीत छापील तक्ता दाखवणेही तितकेसे कामाचे नाही. त्यात इतकी नावे असतात की नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. समोर एकेक रेघ उमटताना पाहिली की माणूस मधेच थांबवून विचारतो, आणि तेच हवे असते.

मूल कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवले जाईल, एक जण त्याला घट्ट धरेल, जागा बधिर केली तरी ते रडेल, हेही सांगावे. धरण्यामागचे कारण सांगा: पाठ वाकली की मणक्यांमधली फट उघडते, आणि मूल हलले तर पुन्हा टोचावे लागते. सुई आत काही मिनिटेच असते, तयारी धरून अर्धा तास लागतो. वाटेतली बारीक रक्तवाहिनी दुखावली तर पहिले थेंब लालसर येतात आणि पुढच्या बाटल्यांत बहुधा निवळतात. न सांगता आईने ती लाल बाटली पाहिली, तर आधीचे सगळे समजावणे वाया जाते. मोठ्या वयाच्या रुग्णांत काहींचे डोके नंतर दुखते. उठून बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते. बहुतेकांचे काही दिवसांत थांबते. वाढतच गेले, ताप आला किंवा पायात जोर वाटेना, तर लगेच कळवायचे.

"त्यापेक्षा स्कॅन करा ना," असेही घरचे म्हणतात. स्कॅनमध्ये सूज दिसते, पण जंतू कोणता ते बहुधा कळत नाही. ते पाण्यातल्या पेशी, प्रथिने, साखर आणि जंतूंच्या तपासणीतून कळते, आणि औषध त्यावरच ठरते. नेहमीच्या जिवाणूंचा मेंदूज्वर असेल तर शिरेतून औषध बहुधा १० ते १४ दिवस, क्षयाचा असेल तर गोळ्या बहुधा वर्षभर. नकार दिला तर अंदाजाने औषध द्यावे लागेल, हे धमकीच्या सुरात न बोलता स्पष्ट सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली संमतीपूर्वी द्यायच्या माहितीत पर्याय आणि नकाराचे परिणाम दोन्ही धरले आहेत.

कधी डॉक्टरच म्हणतात, "आज नको." मेंदूवर दाब वाढल्याची लक्षणे असतील, रक्त गोठण्यात दोष असेल किंवा टोचायच्या जागी जखम पिकलेली असेल, तर तपासणी पुढे ढकलतात आणि प्रतिजैविके आधी सुरू करतात. हे न सांगितल्यास घरच्यांच्या मनात राहते, "काल नको म्हणाले, आज हो म्हणतात, नक्की काय ते यांनाच ठाऊक नाही."

शेवटी "समजले का?" असे विचारू नये, उत्तर 'हो'च येते. "घरी आजोबांना फोनवर हे कसे सांगाल?" असे विचारा आणि पेन त्यांच्या हातात द्या. दोरी तळापर्यंत ओढली, तर कुठे राहिले ते लगेच दिसते. तेवढाच भाग पुन्हा सांगायचा. आजी असतील तर त्यांनाच आधी दाखवा, कारण पुष्कळ घरांत सही वडील करतात आणि निर्णय त्या देतात. कागदावर तारीख घालून एक प्रत केसपेपरला लावावी, एक घरच्यांना द्यावी. रात्रपाळीला आलेला डॉक्टर मग तेच चित्र पुढे करून बोलेल, नवीन काढणार नाही.

आपले,
बालरुग्ण विभागात काम करणारे डॉक्टर व परिचारिका