आधी ती उशी काढ

नाशिक,
रविवार, सकाळ

प्रिय लता,

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "क्लचला पाय पोचत नाही, म्हणून पाठीमागे उशी घेऊन बसते." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. तू पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा रस्त्यावर गाडी काढणार आहेस, त्याआधी एका संध्याकाळी गाडी दारातच बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, अर्धा तास नुसती बस आणि हे सगळं करून बघ.

उशी आधी काढ. ती मऊ आहे, आणि जोरात ब्रेक लागला तर दबेल किंवा सरकेल. मग तू पुढे सरकशील, सीटबेल्ट कमरेच्या हाडावरून निसटून पोटावर चढेल. शिवाय पाठीला कसला आधार आहे हेच तुला कळणार नाही. सीट पुढे येते, लता. भावोजी पाच फूट दहा इंच आणि तू पाच फूट. त्यांनी मागे ढकललेली सीट तशीच ठेवून आपण उशीने अंतर भरतो. त्यांना काही विचारायचीही गरज नाही, गाडी चालवताना तू बसणार आहेस.

पहिली उंची. सीटच्या बाजूला, दाराकडे, वरखाली करायचा दांडा असेल तर तो ओढून ओढून सीट वर घे. ढुंगण गुडघ्यांच्या बरोबरीला किंवा किंचित वर हवं, आणि बॉनेटवरून समोरचा रस्ता मान न उचलता दिसायला हवा. डोकं आणि छत यांच्यात निदान मुठीएवढी जागा राहू दे. दांडा नसेल तर बुडाखाली न सरकणारी, टणक फोमची पातळ बैठक घे, पाठीमागे काहीही नको. उंची आधी का, तर सीट वर गेली की पाय पेडलला पोचण्याचं सगळं गणितच बदलतं.

मग पुढे-मागे. सीटखालची पट्टी उचलून सीट सरकव, आणि डावा पाय क्लचवर ठेवून तो तळापर्यंत दाब. पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ झाला तर सीट लांब आहे. गुडघा स्टिअरिंगला लागला तर फार जवळ. पट्टी सोडल्यावर पाठीने सीट मागे रेटून बघ, खट् असा आवाज येऊन ती पक्की बसली ना. न बसलेली सीट ब्रेक मारताना सरकते आणि पाय पेडलवरून सुटतो. म्हणूनच हे कधीही चालत्या गाडीत करू नकोस.

मी हे स्वतःच्या अंगावर शिकले. शिकायच्या पहिल्या महिन्यात मी पहिला गिअर टाकला की खर्र आवाज व्हायचा. मला वाटायचं गिअरबॉक्सच गेलाय. शिकवणाऱ्या काकांनी दुसरंच सांगितलं: माझा पाय क्लच पाऊणच दाबत होता, टाचेपासून ताणून. त्यांनी सीट दोन खाचा पुढे घेतली आणि आवाज त्याच दिवशी गेला. तुलाही असा आवाज आला, किंवा डाव्या पोटरीत गोळा आला, तर गिअरला दोष देऊ नकोस, सीट बघ.

पाठीचा भाग जवळजवळ उभा ठेव. पुष्कळजण तो मागे झुकवून आरामखुर्चीसारखे बसतात, मग दोन्ही खांदे पाठीवरून उचलून स्टिअरिंग धरतात. हे तपासायची साधी रीत आहे. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे कर. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. बोटंच पोचत असतील तर पाठ आणखी उभी कर. डोक्यामागच्या आधाराचा वरचा काठ निदान कानाच्या वर येऊ दे, मानेशी नको.

आता स्टिअरिंग. खांबाखाली एक कळ आहे, ती सोडून स्टिअरिंग वरखाली होतं. तुझ्यासारख्या बुटक्या व्यक्तीचा कल ते उंच ठेवण्याकडे असतो, पण मधली एअरबॅगची चकती तुझ्या तोंडाकडे नाही, छातीकडे बघायला हवी. वेगाचा काटा रिंगच्या वरच्या फटीतून दिसतो का बघ. भारतात नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग 2019 च्या जुलैपासून सक्तीची झाली, तुमची गाडी त्यानंतरची असेल तर तिच्यात ती आहेच. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि फार जवळ बसलेल्याला तिचाच मार लागतो. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत 25 सेंटीमीटर तरी ठेव. पिंटूची शाळेची 30 सेंटीमीटरची पट्टी घेऊन मोज, अंदाज नको. कमी भरलं तर आधी पाठ किंचित मागे झुकव. क्लचपर्यंतचं अंतर हातचं सोडू नकोस.

हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. तुझ्या बाबांनी आपल्याला दहा आणि दोन सांगितलं होतं, आठवतं? तेव्हा पॉवर स्टिअरिंग नव्हतं, वरून जोर लावावा लागे. आता तसे हात ठेवले आणि एअरबॅग उघडली तर ती हातच तोंडावर फेकते. बोटं सैल, अंगठा रिंगच्या पुढच्या बाजूला टेकलेला; आत अडकवून ठेवू नकोस, कारण चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटका देतं. वळणावर हात एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात वर नेऊन रिंग खाली ओढायची, डावा हात तितकाच खाली सरकवायचा, मग डाव्याने वर ढकलायचं. नुसत्या दारातल्या गाडीत चाक फिरवू नकोस, टायर घासतात. रिकाम्या मैदानात हळू चालताना सराव कर. गिअर बदलला की डावा हात लगेच परत रिंगवर. दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे दुखले तर मूठ फार आवळतेस असं समज.

आरसे सगळ्यात शेवटी. सीट एक खाच हलली तरी आरसे बदलतात, म्हणून आधी लावले तर पुन्हा लावावे लागतात. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसू दे, तुझा चेहरा नको. बाहेरच्या दोन्ही आरशांत आपली गाडी आतल्या कडेला एक बारीक पट्टीएवढीच, आणि क्षितिज मधोमध. बहुतेकजण अर्धा आरसा स्वतःच्याच गाडीने भरून ठेवतात, आणि जिथून स्कूटर येते ती बाजू दिसेनाशी होते. आपल्याकडे डाव्या बाजूने घुसणारे दुचाकीवाले बघता डावा आरसा मिटवून ठेवायचा विचारही करू नकोस. तो बहिर्गोल असतो, त्यात स्कूटर असते त्याहून लहान आणि लांब दिसते.

पिंटूला गाडीमागून डाव्या बाजूने चालत पुढे यायला सांग, तू सीटवर बसून बघ. तो आतल्या आरशातून निसटतो, बाहेरच्या आरशात येतो, आणि मग डाव्या दाराजवळ येता येता एक पट्टा असा असतो जिथे तो कुठेच दिसत नाही. तो पट्टा आरसा कितीही फिरवलास तरी पूर्ण जात नाही. लेन बदलताना खांद्यावरून मान वळवून तेवढं डोळ्यांनीच बघायचं. तो पट्टा तुझ्या गाडीत नेमका कुठे आहे ते त्या संध्याकाळी पक्कं बघून ठेव.

पट्टीने किती सेंटीमीटर भरले ते मला लिही. 25 च्या खाली असेल तर दिवाळीत येईन तेव्हा आपण दोघी मिळून बसून बघू.

तुझी,
सुनंदा