कालसर्प, एक्कावन्न हजार आणि तुझी पत्रिका

नागपूर

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

मावशी तुला ज्या गुरुजींकडे घेऊन गेली, त्यांनी कालसर्प दोष सांगितला, म्हणून रात्री तुझी पत्रिका काढून बसलो. कालसर्प म्हणजे रवीपासून शनीपर्यंतचे सातही ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला असणं. तू 2000 सालच्या चैत्री पौर्णिमेची. तेव्हा राहू कर्केत आणि केतू मकरेत होता. रवी, मंगळ, गुरू आणि शनी मेषेत, बुध-शुक्र मीनेत, म्हणजे सहा ग्रह एका बाजूला आहेत हे खरं. पण चंद्र तुळेत, थेट पलीकडे. त्यांच्याच व्याख्येनं योग होत नाही. शाळेतल्या मुलालाही बोटं ठेवून मोजता येईल.

आणि झाला असता तरी काय? त्या एप्रिलमध्ये बाकीचे ग्रह महिनाभर त्याच बाजूला होते, फक्त चंद्र आत-बाहेर करत होता. म्हणजे त्या महिन्यात जन्मलेल्या जवळपास निम्म्या मुलांना हा दोष लागणार. त्या सगळ्यांचे संसार मोडणार आहेत का? शिवाय वराहमिहिराच्या बृहज्जातक या जुन्या ज्योतिषग्रंथात हा योग नाहीच. शांतीचा धंदा मात्र त्याच्यावर जोरात चालतो.

मला खटकलं ते त्यांच्या बोलण्याचा क्रम. आधी तुझा पगार विचारला, मग 'वडिलांच्या जिवाला धोका' सांगितला, आणि त्यानंतर शांतीच्या पूजेसाठी एक्कावन्न हजारांचा आकडा आला. अमावास्येच्या आत करायचं, घरी बोलायचं नाही, आणि तू त्र्यंबकेश्वरला आली नाहीस तरी चालेल! अगं, पूजेचा संकल्प यजमानाच्या नावागोत्रानं होतो. यजमानच नको म्हणणाऱ्याला फक्त पैसे हवे आहेत. घाई आणि गुप्तता एवढ्याचसाठी, की तू दुसऱ्या कुणाला पत्रिका दाखवू नयेस. पत्रिकेचा कागद मागितलास तर 'तुम्हाला कळणार नाही' म्हणाले ना? तिथेच उठायला हवं होतं. असो, मावशीपुढे तुला ते जमलं नसेल.

लग्नाआधी कुणाला तरी दाखवायचंच आहे, असं तुझी आई म्हणते. माझी ना नाही. पण ज्योतिषाला सरकारी परवाना लागत नाही, पाटी कुणीही लावू शकतो. रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठात ज्योतिष शिकवतात. तिथे किंवा अशा ठिकाणी रीतसर शिकलेला असेल तर निदान गणित नीट करेल. मात्र पदवी भिंतीवर असली म्हणजे माणूस चांगला असतोच असं नाही, म्हणून त्याला प्रश्न कोणते पडतात ते बघ. जाणकार माणूस आधी विचारेल, की जन्मवेळ कुठून घेतली, दवाखान्याच्या कागदावरून की आजीच्या आठवणीवरून? कारण लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, आणि वेळ बदलणीच्या जवळची असेल तर सगळी घरं सरकतात. जन्मगावही तो विचारेल. नागपूर मुंबईच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तीच लग्नरास इथे साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवते. मुंबई धरून काढलेली नागपूरकराची पत्रिका त्यामुळेच फसू शकते. ज्यानं नुसतं नाव आणि रास विचारून दोष सांगितला, त्यानं यातलं काहीच केलेलं नसतं.

फी आधी सांगणारा, एवढ्यावरून कळत नाही असंही म्हणणारा, मृत्यूचं भाकीत न करणारा माणूस बघ. उपाय सांगितला तरी तो घरी स्वतः करता येण्यासारखा असावा. आणि उपाय सांगणाऱ्याकडूनच तो विकत घ्यायचा नाही, मग खडा असो, यंत्र असो की शांती.

माझं मत तुला माहीत आहेच. जयंत नारळीकरांनी पुण्यात चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांना ओळखायला सांगितल्या होत्या. बरोबर उत्तरं निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. आईला हे सांगितलं की ती चहा ठेवायला उठते.

आता तू एवढं कर. पाच हजार ॲडव्हान्स गेला आहे, त्याची नोंद मोबाइलमध्ये जपून ठेव. गुरुजींना मेसेज कर, की सातही ग्रह कुठे आहेत ते अंशांसकट लेखी पाठवा, पूजेचा खर्च वेगवेगळा लिहून द्या, आणि वडील सोबत येणार आहेत. फोन आला तर उचलू नकोस, उत्तर लेखीच माग. उरलेल्या शेहेचाळीस हजारांतला एक पैसाही पाठवू नकोस. मावशीशी मी बोलतो.

तुझा
बाबा